मीटर पडलं होतं, पण दिसलं नव्हतं

मी ठाण्यात, नौपाड्यात राहून फ्रीलान्स ग्राफिक डिझाईन करते. तुर्भ्याच्या एका फरसाण उत्पादकाच्या तीन पाऊचचं काम ३२,००० रुपयांना घेतलं. अर्धे पैसे आगाऊ मिळाले. कोटेशनमध्ये ‘बदलांचे दोन राऊंड समाविष्ट, त्यापुढे तासाला ८०० रुपये’ असं स्पष्ट लिहिलं होतं. आता पाच राऊंड झालेत, जादा तेरा तास गेलेत, आणि काल व्हॉट्सॲपवर सहावी यादी आली. तिसरा राऊंड सुरू झाला तेव्हा मी काही बोलले नाही, संकोच वाटला. माणसं चांगली आहेत. वाढीव रकमेचा ईमेल कसा लिहू? संबंध बिघडायला नकोत आणि पैसेही बुडायला नकोत.

— एक वाचक, ठाणे

ताई, सहाव्या यादीला अजून हात लावू नका. ईमेल कसा लिहायचा याच्याइतकंच तो कधी जातो याला महत्त्व आहे. सहावा राऊंड करून पाठवलात आणि मागून हिशेब धाडलात, तर समोरचा म्हणेल की सहा वेळा काही बोलली नाही आणि आता अचानक पैसे मागतेय. तोच हिशेब सहावा राऊंड सुरू व्हायच्या आधी गेला, तर तो ‘पुढे जायचं का, आणि कसं’ असा प्रश्न होतो. रिक्षावाल्याने मीटर टाकलं, पण त्यावर फडकं असलं तर उतरताना वाद होणारच. तुमचं तेच झालंय. दर ठरलेला आहे, मीटर चालू होतं, फक्त ते प्रवाशाला दिसत नव्हतं.

म्हणून आधी बिल नाही, सुधारित कोटेशन पाठवायचं. तासाचा दर दोघांनी आधीच मान्य केलेला आहे, त्यामुळे तुम्ही नवी अट घालत नाही आहात. पण किती तास, कशाचे, आणि मूळ कामात नसलेलं काय काय वाढलं, यावर त्यांची संमती अजून घेतलेली नाही. ती लेखी आली की मगच बिल. मूळ कोटेशनचा क्रमांक तोच ठेवा, पुढे ‘सुधारित १’ आणि तारीख घाला. नवीन क्रमांक दिलात तर जुनी दराची अट नव्या कागदाशी जोडलेली दिसत नाही, आणि तुमची सगळी भिस्त त्याच अटीवर आहे.

आता ते तेरा तास. ते सरसकट आठशेने गुणून १०,४०० रुपये लिहू नका. ते आठवणीतून काढले असतील तर मुळातच पुन्हा मोजा. प्रत्येक राऊंडची यादी कधी आली, फाईल शेवटची कधी सेव्ह झाली, पीडीएफ किती वाजता गेली, हे मेलमध्ये, व्हॉट्सॲपमध्ये आणि फाईलच्या तारखेत सापडतं. मधला जेवणाचा आणि दुसऱ्या कामाचा वेळ वजा करा आणि पाव तासात मोजा, तेही खालच्या बाजूला. दोन तास वीस मिनिटं म्हणजे सव्वादोन. लॅपटॉप अडकला तो वेळ तुमचा. तीन पाऊच उघडून तोच बदल तीन ठिकाणी करून पुन्हा तपासण्याचा वेळ त्यांचा.

मग त्या तासांचे तीन ढीग करा. बहुतेक जण नेमकं हेच करत नाहीत, आणि वाद इथेच पेटतो. एक ढीग तुमच्या स्वतःच्या चुकांचा. दुसरा खऱ्या बदलांचा: रंग, मजकूर, फोटोची जागा, ‘लोगो थोडा मोठा करा’. तिसरा, मूळ कोटेशनमध्ये नसलेल्या नव्या कामाचा. तिघांचे नियम वेगळे आहेत.

तुमचे तास साधारण असे पडले असतील असं धरू. तिसऱ्या राऊंडला सव्वाचार तास लागले, त्यातला पाऊण तास तुम्ही पाऊचच्या पाठीवर मधोमध येणाऱ्या सीलवरून बारकोड हलवण्यात घालवलात. तिथे प्लास्टिकची घडी येते, त्यावर पडलेला बारकोड स्कॅन होत नाही. प्रिंटरने दिलेल्या डायलाइनवर, म्हणजे पाऊच कुठे कापायचा आणि दुमडायचा याच्या आराखड्यावर, सीलची पट्टी आखलेली होती आणि तुमची नजर चुकली असेल, तर तो पाऊण तास तुमचा. डायलाइनच चुकीची आली असेल, तर मात्र ते बदलाच्या ढिगात जातं. एफएसएसएआयच्या परवान्याचा १४ अंकी क्रमांक त्यांनीच चुकीचा पाठवला आणि तुम्ही तो दुरुस्त केलात, तर तोही बदलच. चूक कोणाच्या हातून झाली हे न बघता सगळं फुकट करून देणं हा या धंद्यातला नेहमीचा भिडस्तपणा.

चौथ्या राऊंडला साडेपाच तास लागले, पण त्यातले तीन तास चिवड्याचा १०० ग्रॅमचा पाऊच नव्याने करण्यात गेले. मूळ काम २०० ग्रॅमचे तीन पाऊच एवढंच होतं. क्लायंटला वाटतं की तेच डिझाईन लहान करायचं. पण डायलाइन वेगळी असते, आणि निव्वळ वजनाच्या आकड्याची किमान उंची वैधमापन नियमांनी ठरलेली असते. त्यामुळे सगळं प्रमाणात लहान करता येत नाही, मजकूर नव्याने बसवावा लागतो. हा राऊंडच नाही, चौथा पाऊच आहे. आता त्याची किंमत कशी लावायची? काम होऊन गेल्यावर ‘नव्या पाऊचचे ६,००० रुपये’ म्हणणं बरोबर नाही, कारण तो आकडा त्यांनी कधी ऐकलेलाच नाही. ऐकलेला एकच आकडा आहे, तासाला ८००. म्हणून तीन तासांचे २,४००, पण वेगळ्या ओळीत.

पाचव्या राऊंडला सव्वातीन तास गेले, सगळे खऱ्या बदलांचे.

म्हणजे जोडणी अशी झाली. तिसऱ्या राऊंडचे साडेतीन, चौथ्याचे अडीच आणि पाचव्याचे सव्वातीन, मिळून बदलांचे सव्वानऊ तास, ७,४०० रुपये. नव्या पाऊचचे २,४००. एकूण ९,८००.

यातून तिसऱ्या राऊंडचे २,८०० रुपये सोडा. अट लेखी होती, तेव्हा कागदावर ते पैसे तुमचेच आहेत. पण तो राऊंड सुरू होताना ‘इथून पुढे तास मोजले जातील’ हे सांगणं तुमचं काम होतं, आणि समोरच्याचा पहिला आक्षेप तोच असणार आहे. तो त्यांनी घ्यायच्या आधी तुम्हीच मिटवा. मात्र गुपचूप वगळू नका. आधी रक्कम दाखवा, मग सूट दाखवा. न दाखवलेली सूट कोणालाच मिळत नाही, आणि पुढच्या घासाघिशीत तुमच्या हातात काही उरत नाही. चौथा आणि पाचवा राऊंड सोडायचं कारण नाही. पाच वेळा बदल सांगणाऱ्या माणसाने कोटेशन एकदा तरी वाचलेलं असतं.

राहिले ७,०००. मूळ ३२,००० मिळवून ३९,०००. आगाऊ १६,००० वजा जाता बाकी २३,०००.

आता ईमेल. चिवड्यापासून सुरुवात नको, तब्येतीच्या चौकशीपासूनही नको.

विषय: पाऊच डिझाईन – सुधारित कोटेशन आणि सहाव्या यादीबद्दल

नमस्कार सर,

काल पाठवलेली बदलांची यादी मिळाली. त्यावर काम सुरू करण्याआधी आतापर्यंतचा हिशेब आणि या यादीचा अंदाज कळवत आहे.

आपल्या मूळ कोटेशनमध्ये २०० ग्रॅमचे तीन पाऊच, बदलांचे दोन राऊंड आणि त्यापुढील बदलांसाठी ताशी ८०० रुपये असं ठरलं होतं. आतापर्यंत पाच राऊंड झाले आहेत.

मूळ काम: ३२,०००
राऊंड ३, साडेतीन तास: २,८००
राऊंड ४, अडीच तास: २,०००
राऊंड ५, सव्वातीन तास: २,६००
चिवडा १०० ग्रॅम, नवीन पाऊच, तीन तास: २,४००
सूट, राऊंड ३ (सुरू होताना मी आठवण करून दिली नव्हती म्हणून): वजा २,८००
एकूण: ३९,०००
आगाऊ मिळाले: १६,०००
बाकी: २३,०००

बारकोडची जागा दुरुस्त करण्याचा वेळ यात धरलेला नाही, ती माझी चूक होती. कोणत्या दिवशी कोणता बदल केला याचं पान सोबत जोडलं आहे.

सहाव्या यादीला चार ते पाच तास लागतील. पाच तासांच्या, म्हणजे ४,००० रुपयांच्या, पुढे मी तुम्हाला विचारल्याशिवाय जाणार नाही. सिलिंडर बनवायला जाण्याआधीचा हा शेवटचा राऊंड ठरावा, म्हणून घरच्या आणि प्रिंटरच्या सगळ्या सूचना एकाच यादीत पाठवल्यात तर वेळ कमी लागेल.

वरील हिशेब मान्य असल्यास याच ईमेलला ‘मान्य’ असं उत्तर द्यावं. जादा कामाचे ७,००० रुपये मिळाले की दुसऱ्या दिवशी सहावा राऊंड सुरू करेन. उरलेले १६,००० आणि सहाव्या राऊंडची रक्कम अंतिम फाईल देताना.

कळावे.

एवढंच. यात ‘क्षमस्व’ नाही आणि ‘नाइलाजाने’ही नाही. पैसे मागताना आपण माफी मागितली की समोरच्याला वाटतं, काहीतरी चुकीचं मागितलं जातंय. चूक होती तिथे ती एका वाक्यात कबूल केली आहे, आणि त्या एका वाक्याने बाकीचे आकडे विश्वासार्ह होतात. दर वाढवलेला नाही, हेही बघा. ‘आता माझा दर हजार झाला आहे’ असं याच कोटेशनमध्ये घुसवायचा मोह होतो. तसं केलं तर उरलेला सगळा हिशेब संशयास्पद दिसतो.

सिलिंडरचा उल्लेख मुद्दाम आहे. असे पाऊच बहुतेक ग्रॅव्हर छपाईने छापले जातात. त्यात प्रत्येक रंगाचं वेगळं सिलिंडर कोरलं जातं, आणि कोरल्यानंतर एक अक्षर बदलायचं तरी ते सिलिंडर नव्याने करावं लागतं. त्या खर्चापुढे तुमचे पाच तास काहीच नाहीत, आणि हे तुर्भ्याच्या माणसाला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं. सगळ्यांच्या सूचना एकत्र करून यादी बंद करण्यात त्यांचाच फायदा आहे हे त्यांना आपोआप दिसेल.

जोडलेल्या पानावर प्रत्येक ओळीत तारीख, बदल कोणी सांगितला, कोणत्या पाऊचवर आणि किती वेळ, एवढंच लिहा. ‘रंग बदलला’ नको. ‘चकलीच्या पाऊचची पार्श्वभूमी लालची केशरी, मागची बाजूही’ असं लिहा. मुलाने सांगितलेला रंग वडिलांनी पुन्हा फिरवला असेल तर ते त्या पानावर आपोआप दिसेल. तुम्ही त्यावर टिप्पणी करू नका.

उत्तर तीनपैकी एक येईल. ‘मान्य’ आलं तर प्रश्न मिटला. ईमेलवरून झालेला करारही कायद्याने करारच असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये तसं स्पष्ट आहे. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा आला, तर ‘ईमेललाही उत्तर दिलंत तर माझ्या फाईलला लागेल’ म्हणून मागून घ्या.

दुसरं उत्तर: ‘एवढं कसं झालं, गोल करून टाका.’ फोन येईल, आवाजही गोड असेल. तेव्हा दरात किंवा झालेल्या तासांत हात घालू नका. एकदा ८०० चे ६०० झाले की पुढची सगळी कामं ६०० नेच होतील. कमी करायचंच असेल तर काम कमी करा. ‘सहाव्या यादीतले शेवची पार्श्वभूमी बदलायचे दोन मुद्दे सोडले तर दीड तास वाचेल, १,२०० रुपये कमी होतील’ असं सांगा. आणि २,८०० ची सूट त्या कागदावर आधीच आहे, याची आठवण द्या.

तिसरं: ‘हे आम्हाला सांगितलंच नव्हतं.’ मूळ कोटेशन आणि त्यांची त्यावरची होकाराची मेल पुन्हा जोडून दोनच ओळी लिहा: ‘सर, सोबतच्या कोटेशनमध्ये दुसऱ्या पानावर ही अट आहे. त्या वेळी आठवण न दिल्यामुळे तिसऱ्या राऊंडची रक्कम मी घेतलेली नाही.’ यापलीकडे वाद घालू नका, आणि सहावा राऊंडही सुरू करू नका.

कराचं थोडक्यात. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि जीएसटी नोंदणी नाही, तर जादा रकमेवर जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असेल तर १८ टक्के मूळ रकमेवर लागला तसा जादा तासांवरही लागतो, आणि सुधारित कोटेशनमध्ये तो वेगळ्या ओळीत हवा. नाही तर ३९,००० हीच शेवटची रक्कम असं ते धरून बसतात. त्यांनी टीडीएस कापला तर घाबरू नका, तो तुमच्या नावावर जमा होतो. फक्त बँकेत २३,००० च्या जागी कमी का आले हे शोधत बसायला नको म्हणून आधी विचारून घ्या.

आता खरी पकड कशात आहे ते. मूळ एडिट होणाऱ्या फाईल अजून दिल्या नसतील तर देऊ नका. तपासणीसाठी कमी रिझोल्यूशनची, आडवं ‘नमुना’ लिहिलेली पीडीएफच द्या. कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या डिझायनरने केलेल्या अशा कामाची पहिली मालकी साधारणपणे डिझायनरचीच असते, आणि ती दुसऱ्याला द्यायची तर सही केलेला लेखी दस्तऐवज लागतो. पैसे पूर्ण मिळाले की हक्क हस्तांतराचं पत्र आणि मूळ फाईल एकत्र द्या. हे धमकीसारखं लिहायचं नाही. ‘अंतिम फाईल देताना’ हे तीन शब्द ईमेलमध्ये आहेत, तेवढे पुरे.

आणि पैसे अडकलेच तर: उद्यम नोंदणी नसेल तर ती करून ठेवा, सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते, त्यासाठी पैसे मागणारे एजंट टाळा. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. शिवाय २०२४ पासून आयकरातही अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणून त्यांचा सीए मार्चअखेर स्वतःच आठवण करून देतो. नोंदणी कामाच्या आधीची असेल तर दावा मजबूत, म्हणून या कामाला कदाचित उशीर झालाय. पुढच्यासाठी करा.

पुढच्या कोटेशनमधली अटही बदला. ‘दोन राऊंड समाविष्ट’ एवढं पुरत नाही, कारण राऊंड म्हणजे काय हे लिहिलेलं नाही; सकाळी एक व्हॉइस नोट, संध्याकाळी दुसरी, हा एक राऊंड की दोन? अशी लिहा: ‘एका जबाबदार व्यक्तीने ईमेलवर पाठवलेली एक एकत्रित यादी म्हणजे एक राऊंड. दोन राऊंड समाविष्ट. तिसऱ्यापासून ताशी ८०० रुपये, पाव तासाच्या हिशेबाने. सुरू करण्याआधी अंदाज कळवून होकार घेतला जाईल. नवीन आकार, नवीन चव किंवा नवीन भाषा हा बदल नसून वेगळं काम.’ आणि दुसऱ्या राऊंडची पीडीएफ पाठवताना मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा: ‘समाविष्ट राऊंडपैकी हा शेवटचा.’